क्रमान्वित धडा कसा लिहावा: रेषीय कुठे, शाखीय कुठे, आणि पडद्यावर चढवताना काय बिघडतं

बी.एड.ला क्रमान्वित अध्ययन सगळ्यांनी वाचलेलं असतं. स्किनरचं रेषीय, म्हणजे सगळी मुलं लहान पायऱ्यांच्या एकाच वाटेने; क्राउडरचं शाखीय, म्हणजे चुकीप्रमाणे वेगळी वाट; दोघांतले फरक लिहा, गुण पाच. पुढे शाळेत गुगल फॉर्मवर किंवा मूडलवर स्वयंगतीचा धडा करायची वेळ येते, तेव्हा त्याच अभ्यासक्रमातल्या चुका पुन्हा होतात. परिच्छेद वाचायला द्यायचा, त्यातलाच शब्द रिकाम्या जागेत भरायला सांगायचा, आणि चुकलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. याला ना रेषीय म्हणता येईल, ना शाखीय.

खाली एकच घटक घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंतची रीत दिली आहे: दशांश अपूर्णांकांची तुलना, साधारण पाचवी-सहावीचा. हा घटक घेण्याचं कारण असं, की त्यातला एक भाग रेषीय मागतो आणि एक भाग शाखीयशिवाय जमत नाही. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक धडे बिघडतात ते चौथ्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळे.

## १. शेवटची चाचणी सर्वांत आधी लिहा

धड्याचं एक वाक्यही लिहिण्याआधी, धडा संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते प्रश्नांच्या रूपात कागदावर उतरवा. ‘दशांश अपूर्णांकांची संकल्पना समजते’ हे उद्दिष्ट इथे चालत नाही, कारण ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. आपलं उद्दिष्ट असं: दशांश चिन्हानंतर कमी-जास्त अंक असलेले दोन किंवा तीन अपूर्णांक दिले असता त्यांतला सर्वांत मोठा ओळखणे किंवा ते समान आहेत असे सांगणे, दहापैकी नऊ वेळा.

दहा प्रश्नांपैकी आठ तीन-तीन संख्यांचे ठेवा. उरलेले दोन जोड्यांचे: ०.५ आणि ०.५०, तसंच ०.३५ आणि ०.३५२. ही दुसरी जोडी सोडू नका. दशांश चिन्ह म्हणजे रुपये आणि पैसे यांच्यामधली खूण, असं मनात धरून बसलेली मुलं दोन अंकांपुढे बघतच नाहीत. ती ०.३५ आणि ०.३५२ समान म्हणतात, पण बाकीच्या प्रश्नांत सहज तरून जातात.

याबरोबर सुरुवातीची पातळीही लिहा. मुलाला पूर्ण संख्यांमधलं स्थानमूल्य आलं पाहिजे आणि मोजपट्टीवर सेंटिमीटर-मिलिमीटर वाचता आले पाहिजेत. ज्याला हे येत नाही त्याच्यासाठी हा धडा नाही. हे शिक्षकाने आधी पाहायचं असतं, धड्यावर सोपवायचं नसतं.

तपासणी: ही चाचणी वर्गाला धड्याआधीच द्या. दहापैकी नऊ ज्यांना आत्ताच येतात त्यांना धड्यातून सूट. स्वयंगतीचा पहिला अर्थ हाच आहे.

## २. चुका गोळा करा, कल्पनेने रचू नका

त्या पूर्वचाचणीचे चुकलेले कागद फेकू नका. चुकलेल्या मुलांना एकेक करून बोलवा आणि ‘हे का निवडलंस?’ एवढंच विचारा. बरोबर उत्तर सांगू नका, मानही डोलावू नका.

दशांशांच्या तुलनेत दोन चुका जगभर सापडतात. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. पहिली, ‘लांब ती मोठी’: ०.४ पेक्षा ०.२५६ मोठी, कारण ४ पेक्षा २५६ मोठे. दुसरी नेमकी उलटी, ‘आखूड ती मोठी’. शतांश हे दशांशापेक्षा लहान, सहस्रांश त्याहून लहान, म्हणून ज्या संख्येत दशांशच आहेत ती मोठी. या मुलाने अर्धी गोष्ट बरोबर पकडलेली असते, त्यामुळे त्याला ‘चूक’ एवढंच सांगून काही उपयोग होत नाही.

आपल्याकडे पहिल्या चुकीला वाचनही हातभार लावतं. ०.२५६ ला ‘शून्य पॉइंट दोनशे छप्पन्न’ म्हणण्याची सवय वर्गात सर्रास असते. धड्यात कुठेही तसं लिहू नका. ‘शून्य दशांश चिन्ह दोन पाच सहा’ असंच लिहा, आणि आवाज भरणार असाल तर तसंच वाचा.

## ३. आता ठरवा: रेषीय की शाखीय

आवडीवरून ठरवू नका. प्रत्येक उपघटकासाठी एकच प्रश्न विचारा: इथे मूल चुकलं, तर ते *कसं* चुकेल हे मला आधीच सांगता येतं का?

सांगता येत नसेल, किंवा मुलाला मुळात काही माहीतच नसल्यामुळे ते चुकणार असेल, तर रेषीय. स्किनरचा हिशेब असा होता की पायऱ्या इतक्या लहान ठेवायच्या की मूल चुकूच नये. उत्तर स्वतः लिहायचं, पर्यायांतून उचलायचं नाही. पर्यायांना त्याचा विरोध होता, कारण फसवा पर्याय वाचता वाचता चुकीची कल्पनाच मनात रुजते. रेषीयमध्ये चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असे.

चूक ठरावीक असेल, तिला तिचा स्वतःचा तर्क असेल, तर शाखीय. नॉर्मन क्राउडर अमेरिकी हवाई दलातल्या तंत्रज्ञांना यंत्रातला बिघाड शोधायला शिकवण्याच्या कामातून इकडे आला. त्याच्या लेखी पर्यायी प्रश्न हा निदानाचा होता: मी सांगितलेलं पोहोचलं का, आणि नसेल तर नेमकं काय पोहोचलं? त्याच्या पुस्तकात ‘ब’ निवडलं की ‘पान अमुक उघडा’ असे, आणि त्या पानावर ‘ब’ निवडणाऱ्याच्याच मनातल्या गैरसमजाशी बोलणं असे. आजच्या मूडलच्या धड्यातली ‘जंप’, म्हणजे उत्तराप्रमाणे वेगळ्या पानावर नेणारी सोय, तिचा पूर्वज हाच.

आपल्या घटकात दशांश-शतांश-सहस्रांश यांचं नातं हा भाग रेषीय. तुलना हा भाग शाखीय. दोन्ही एकाच धड्यात नांदतात. ‘आमचा धडा शाखीय आहे’ असं सगळ्या धड्याला लेबल लावण्याची गरज नाही.

सावधान: चूक ठरावीक नसताना शाखा काढल्या की ‘चूक’ पर्याय केवळ भरतीचे होतात. कुठलंही मूल तिकडे फिरकत नाही, आणि लिहिणाऱ्याचे दोन दिवस वाया जातात.

## ४. रेषीय चौकटी लिहा

एका चौकटीत तीन गोष्टी: थोडी माहिती, मुलाने द्यायचा प्रतिसाद, आणि लगेच बरोबर उत्तर. आज याच तीन गोष्टी एका स्क्रीनवर असतात.

नवखा लेखक सहसा अशी चौकट लिहितो:

> प्रत्येक दशांशाचे १० सारखे भाग केले की शतांश मिळतो. शतांश म्हणजे शंभरावा भाग. म्हणून एका पूर्ण पट्टीत ____ शतांश असतात.

उत्तर १००. मूल ते बरोबर लिहील, कारण ‘शंभरावा’ शब्द आधीच्याच वाक्यात उभा आहे. पट्टी डोळ्यांसमोर आणायची त्याला गरजच पडली नाही. आता हीच मालिका जरा बदलून बघा:

> १. एक मीटरच्या पट्टीचे १० सारखे भाग केले. प्रत्येक भागाचे पुन्हा १० सारखे भाग केले. पूर्ण पट्टीत आता असे ____ बारीक भाग आहेत. *(१००)*
>
> २. या बारीक भागांपैकी एका भागाला शतांश म्हणतात. मोठ्या भागाला दशांश म्हणतात. एका दशांशात ____ शतांश बसतात. *(१०)*
>
> ३. ३ दशांश म्हणजे ____ शतांश. *(३०)*
>
> ४. ३ दशांश आणि ५ शतांश एकत्र केले. एकूण ____ शतांश. *(३५)*
>
> ५. ३ दशांश आणि ५ शतांश ही संख्या ०.३५ अशी लिहितात. मग ०.६२ मध्ये ____ दशांश आणि ____ शतांश. *(६, २)*
>
> ६. ०.४ मध्ये एकूण ____ शतांश. *(४०)*
>
> ७. ०.३५ पेक्षा ०.४ मध्ये ____ शतांश जास्त आहेत. *(५)*

क्रमाकडे लक्ष द्या. पहिल्या चौकटीत ‘शतांश’ हा शब्दच नाही. आधी गोष्ट, मग तिचं नाव. दुसरीत दोन्ही नावं समोर आहेत. सहावीत दशांश आणि शतांश यांतलं नातं सांगणारं एकही वाक्य उरलेलं नाही, ते मुलाने सोबत आणायचं आहे. सातवीला तीसुद्धा मदत नाही: ०.३५ चे शतांश किती, ०.४ चे किती, आणि फरक किती, हे तिन्ही मनात करायचं. इशारे असे हळूहळू काढून घ्यायचे असतात. शेवटच्या चौकटीतही पहिलीइतकीच मदत असेल तर मूल पुढे सरकलेलंच नाही, फक्त पानं उलटली आहेत.

याच पद्धतीने सहस्रांशाच्या चार-पाच चौकटी करा. एकूण बारा पुरेत. त्याहून लांबवलं तर हुशार मुलं कंटाळतात आणि न वाचता भरायला लागतात. रेषीय धड्यांवरचा हा जुना आरोप आहे आणि तो खराच आहे.

तपासणी: प्रत्येक रिकाम्या जागेचं उत्तर एक शब्द किंवा एक संख्या एवढंच असावं. ‘शतांश म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न चौकटीत घालू नका. त्याचं उत्तर यंत्र तपासू शकत नाही, आणि मुलालाही स्वतःचं बरोबर होतं का ते कळत नाही.

## ५. काळ्या पट्टीची परीक्षा

ही परीक्षा स्किनरचा सहकारी जेम्स हॉलंड याच्याकडून आलेली आहे, आणि आजच्या डिजिटल धड्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे. चौकट छापा. काळं मार्कर घ्या आणि *जे खोडलं तरी उत्तर देता येतं* ते सगळं खोडत जा.

वरच्या नवख्या चौकटीत पहिलं वाक्य पूर्ण खोडा, शेवटच्या वाक्यातही फक्त ‘पट्टीत ____ शतांश’ एवढंच ठेवा. ‘शंभरावा भाग’ एवढ्यावरून १०० लिहिता येतं. म्हणजे चौकटीतला बराचसा भाग उत्तराशी जोडलेलाच नाही, मुलाने तो वाचलाच पाहिजे असं काही उरत नाही. सुधारलेल्या चौकट एकमधलं कुठलंही एक वाक्य खोडून बघा, उत्तर अडतं.

याचा अर्थ चौकट जितकी आखूड तितकी चांगली असा घेऊ नका. माहिती भरपूर असू द्या, पण तिच्यातून गेल्याशिवाय उत्तर येता कामा नये.

हीच परीक्षा व्हिडिओवरच्या प्रश्नांनाही लावता येते. तुमच्या विषयाचा नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला व्हिडिओ न दाखवता फक्त प्रश्न द्या. त्याने निम्म्याहून जास्त बरोबर सोडवले, तर तुमचे प्रश्न व्हिडिओवर नाहीत, सामान्य अकलेवर आहेत.

सावधान: चुका कमी आल्या म्हणजे चौकट उत्तम, असं समजू नका. नक्कल करून भरता येणाऱ्या चौकटीत चुका शून्यच येतात. आधी काळी पट्टी लावा, मग चुकांचं प्रमाण मोजा.

## ६. शाखेचा प्रश्न आणि त्यामागची पानं

बहुतेक शिक्षक तुलनेचा प्रश्न असा घालतात: ०.४ आणि ०.३५ यांत मोठी कोणती? ‘लांब ती मोठी’वाला ०.३५ म्हणेल, तो सापडला. पण ‘आखूड ती मोठी’वाला ०.४ म्हणेल, आणि ते बरोबर आहे! चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देऊन तो पुढे निघून जातो, आणि त्याच्यासाठी लिहिलेलं पान कधीच उघडत नाही.

शाखेच्या प्रश्नाचं कसब एवढंच की प्रत्येक गैरसमजाचं बोट वेगळ्या पर्यायाकडे गेलं पाहिजे. म्हणून असा प्रश्न घ्या:

> सर्वांत मोठी संख्या कोणती? &nbsp; ०.३ &nbsp;/&nbsp; ०.४७ &nbsp;/&nbsp; ०.२५६

‘लांब ती मोठी’ ०.२५६ उचलतो. ‘आखूड ती मोठी’ ०.३ उचलतो. ०.४७ उचलणाऱ्याच्या मनात निदान या दोन्हींपैकी एकही नाही. चौथा पर्याय उगीच घालू नका. ज्याच्यामागे माहीत असलेला गैरसमज नाही, त्या पर्यायासाठी पान लिहिता येत नाही.

आता पानं.

०.२५६ निवडणाऱ्याचं पान. सुरुवात त्याच्या तर्कापासून करा: ‘२५६ ही संख्या ४७ पेक्षा मोठी आहे, म्हणून तुम्ही हे निवडलं असेल. पण इथे २५६ काय आहेत?’ मग मीटरचा टेप. ०.३ मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर. ०.२५६ मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर आणि ६ मिलिमीटर. टेपवर पुढे कोण? इथे एक मोह आवरा: ‘मागे शून्य लावून अंक सारखे करा, ०.३००, ०.४७०, ०.२५६.’ युक्ती बरोबर आहे, उत्तरही येतं. पण मूल आता ३००, ४७० आणि २५६ यांचीच तुलना करतं. ज्या गैरसमजाने ते चुकलं तोच आता त्याला बरोबर उत्तर देतो. शून्यांची युक्ती धड्याच्या शेवटी, समज आल्यावर द्या.

०.३ निवडणाऱ्याचं पान. इथे आधी मान्य करा: ‘एक शतांश हा एका दशांशापेक्षा लहान असतो, हे तुमचं बरोबर आहे. पण ०.४७ मध्ये शतांश एक नाही, ४७ आहेत. दहा शतांशांचा एक दशांश होतो. मग ४७ शतांशांतून पूर्ण दशांश किती निघतील?’ चार निघतात, वर सात शतांश उरतात. तीन दशांशांपेक्षा ते जास्तच. या पानावर टेप नको, गठ्ठे करणं हवं. दोन्ही चुकांना एकच स्पष्टीकरण चिकटवलं की शाखीयचा अर्थच संपतो.

समांतर प्रश्न. क्राउडरच्या पुस्तकात मूल स्पष्टीकरण वाचून मूळ पानावर परत जायचं आणि दुसरा पर्याय निवडायचं. ते तुम्ही करू नका. तीनपैकी एक पर्याय बाद झालेला असतो, उरलेल्या दोनांत अंदाज चालतो. त्याऐवजी त्याच पानाखाली नवे प्रश्न द्या, आणि एक नव्हे, दोन. ‘लांब’वाल्यासाठी (०.७, ०.६२, ०.५१८) आणि (०.२, ०.३८, ०.१४५). ‘आखूड’वाल्यासाठी (०.१, ०.२९, ०.३४६) आणि (०.५, ०.६४, ०.५७८).

दोन का, ते पहिल्या जोडीत दिसतं. (०.७, ०.६२, ०.५१८) मध्ये बरोबर उत्तर सर्वांत आखूड आहे. टेपचं पान वाचून एखादं मूल सरळ दुसऱ्या टोकाला जातं आणि ‘अच्छा, म्हणजे आखूड ती मोठी’ असा निष्कर्ष काढतं. तेही या प्रश्नात पास होईल. दुसऱ्या प्रश्नात ०.२ निवडून ते पकडलं जातं. धड्यातली उत्तरं सतत मधल्या लांबीची येऊ लागली तर मुलं तीही खूण शिकतात, म्हणून लांबी फिरवत ठेवा.

समांतर प्रश्नांतही चुकला तर तिसरं स्पष्टीकरण लिहू नका. ‘वही घेऊन बाईंना भेटा’ असं पान ठेवा. यंत्राने कुठे थांबायचं हे लेखकाने ठरवायचं असतं.

तपासणी: शाखा मूळ वाटेला परत मिळते का? पाच प्रश्न, प्रत्येकाला तीन वाटा आणि कुठलीच परत जुळत नाही, असं केलं तर २४३ वेगवेगळे मार्ग होतात. परत जुळवल्या तर पाच मुख्य पानं आणि दहा स्पष्टीकरणाची, एकूण पंधरा. दुसऱ्या हिशेबाने लिहून होतं, पहिल्याने कधीच होत नाही.

## ७. कागदावर, एकेका मुलावर तपासा

पडद्यावर चढवण्याआधी. हा टप्पा जवळपास प्रत्येक जण गाळतो.

चौकटी कार्डांवर लिहा, उत्तर मागच्या बाजूला. स्किनरच्या यंत्रात उत्तर लिहून झाल्यावरच बरोबर उत्तर उघडे, आणि मग लिहिलेलं बदलता येत नसे. तुमच्या हातातलं कार्ड तेच काम करेल, फक्त पेन वापरायला सांगा, पेन्सिल नको.

मध्यम मुलापासून सुरुवात करा, वर्गातल्या पहिल्या नंबरापासून नको. शेजारी बसा, मोठ्याने विचार करायला सांगा, आणि गप्प राहा. मूल अडलं की आपल्या तोंडून ‘अरे, दशांश किती ते बघ ना’ निघून जातं. ते निघालं की त्या चौकटीची तपासणी संपली, कारण तुम्ही दिलेला इशारा धड्यात नाही. उत्तर बरोबर आलं तरी जिथे मूल थबकलं, मागची कार्डं चाळली, तिथे खूण करा.

अशी चार-पाच मुलं झाली की कार्डं पसरा. एकाच चौकटीवर दोघं चुकले असतील तर चौकट चुकली, मुलं नाही. बहुतेक वेळा दोष त्याच चौकटीत नसतो, तिच्या आधी एक पायरी राहिलेली असते. वरच्या मालिकेत चौकट तीन गाळून बघा, मुलं चौथ्या चौकटीत ८ लिहितील: तीन आणि पाच.

सुधारून झाल्यावर दहा-बारा मुलांच्या गटाला द्या आणि पहिल्या टप्प्यातली चाचणी घ्या. जुना मापदंड नव्वद-नव्वदचा आहे: नव्वद टक्के मुलांना नव्वद टक्के गुण. तिथे पोहोचला नाहीत तर पडद्याकडे वळू नका. ॲनिमेशन लावून हे भरून निघत नाही.

## ८. पडद्यावर चढवा

गुगल फॉर्म, रेषीय भाग. प्रत्येक चौकट वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवा. प्रश्न `Short answer`, `Required` चालू. प्रश्नाच्या तीन ठिपक्यांतून `Response validation` निवडा, मग `Regular expression` आणि `Matches`. `Number` घेऊ नका. मराठी माध्यमाची मुलं कधी 100 टाइप करतात तर कधी १००, आणि मोबाइलच्या कीबोर्डवर शेवटी एखादी मोकळी जागा राहतेच. तिन्ही चालायला हवं:

```
^\s*(100|१००)\s*$
```

खालच्या चुकीच्या संदेशात `पुन्हा प्रयत्न करा` लिहू नका. `मोठे भाग १०. प्रत्येकाचे पुन्हा १०. पट्टी काढून मोजा.` असं लिहा. ही अडवणूक मुलाला बरोबर उत्तराशिवाय पुढे जाऊ देत नाही. पण त्याआधी ते किती वेळा चुकलं याची नोंद फॉर्म ठेवत नाही, म्हणूनच सातवा टप्पा कागदावर करायचा.

गुगल फॉर्म, शाखीय भाग. प्रश्न `Multiple choice`, तीन ठिपक्यांतून `Go to section based on answer`, आणि प्रत्येक पर्यायापुढे त्याचं सेक्शन. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. बिघडतं ते पुढे. प्रत्येक सेक्शनच्या तळाशी `After section …` असतं आणि ते आपोआप `Continue to next section` वर असतं. म्हणजे ०.२५६ चं पान वाचून झालेलं मूल थेट खालच्या, ०.३ च्या पानात शिरतं आणि ‘तुमचं बरोबर आहे, पण…’ असं कुणा दुसऱ्यालाच उद्देशून लिहिलेलं वाचतं. प्रत्येक स्पष्टीकरण-सेक्शनच्या तळाशी हाताने `Go to section` लावून मुख्य वाटेवर आणा.

क्विझ मोडमधल्या पर्यायांच्या `Answer feedback`वर विसंबू नका. तो फॉर्म सबमिट केल्यावर दिसतो. तोपर्यंत मूल चुकीच्या समजुतीवर पुढचे प्रश्न सोडवून मोकळं झालेलं असतं. प्रतिसाद पुढच्या सेक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहा.

मूडल. इथे `Lesson` हा प्रकार थेट क्राउडरच्या रचनेवर बसतो: प्रत्येक उत्तराला स्वतःचा `Response` आणि स्वतःची `Jump`. फक्त चुकीच्या उत्तरांची `Jump` आधीपासून `This page` असते, म्हणजे त्याच प्रश्नावर परत. ती तशीच सोडली की तुमचा शाखीय धडा ‘पुन्हा प्रयत्न करा’वर येऊन थांबला. प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्याचं पान जोडा.

सावधान: वेळेची मर्यादा लावू नका. कुणी बारा चौकटी दहा मिनिटांत करेल, कुणाला अर्धा तास लागेल. घड्याळ लावलं की रेंगाळणारं मूल वाचणं सोडून भरायला लागतं.

तपासणी: स्वतः तीनदा धडा सोडवा: एकदा सगळं बरोबर, एकदा प्रत्येक ठिकाणी ‘लांब ती मोठी’ धरून, एकदा ‘आखूड ती मोठी’ धरून. तिन्ही वेळा आपल्याला उद्देशून नसलेलं एकही वाक्य दिसता कामा नये.

## ९. नोंदी वाचा, पण नेमक्या

वर्गाने धडा केल्यावर सरासरी गुण बघून फाइल बंद करू नका. तीन गोष्टी बघा.

शाखेच्या प्रश्नात कुठला पर्याय किती जणांनी निवडला? एखाद्या पर्यायाकडे कुणीच गेलं नाही, आणि पुढच्या वर्गातही गेलं नाही, तर ते पान काढून टाका. स्पष्टीकरणाच्या पानावरून गेलेली मुलं समांतर प्रश्नांत किती चुकली? निम्मी चुकली असतील तर ते पान पुन्हा लिहा, आणि लिहिण्याआधी त्यातल्या दोघांना समोर बसवून दुसरा टप्पा पुन्हा करा. आणि ज्यांनी धडा एकही चूक न करता पार केला पण शेवटच्या चाचणीत ०.३५ आणि ०.३५२ समान म्हटले, ती मुलं कोण? ही रुपये-पैसेवाली मुलं. वरच्या प्रश्नाने ती पकडली जात नाहीत, कारण त्यांना तिथे दोन अंकांपुढे बघावंच लागलं नाही. त्यांच्यासाठी (४.४५, ४.४५०२) अशी जोडी, ‘दोन्ही समान’ हा तिसरा पर्याय आणि त्यामागे स्वतंत्र पान, एवढी एक शाखा वाढवावी लागेल. ती आधीच लिहून ठेवू नका. तुमच्या वर्गात अशी मुलं निघाली, तरच.